फुटबॉलचे मैदान आणि प्रशिक्षक मागणारे पत्र: मुख्याध्यापकाच्या टेबलावरून

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे. शाळेला फरशीचे पटांगण आहे, पण मैदान नाही, आणि खेळाच्या तासाला एक चेंडू देऊन मुलांना सोडून दिले जाते. शाळेने खेळायला मैदान द्यावे आणि प्रशिक्षित फुटबॉल प्रशिक्षक नेमावा, असे पत्र मुख्याध्यापकांना लिहायचे आहे. मागच्या वर्षी दोन पालकांनी लिहिले होते, त्यांना उत्तरच मिळाले नाही. पत्रात नेमके काय लिहावे?

उत्तर: मी अकरा वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यानंतर नऊ वर्षे मुख्याध्यापकपद सांभाळले, त्यामुळे अशी पत्रे मी शिक्षक म्हणून लिहिलीही आहेत आणि मुख्याध्यापक म्हणून फायलीत अडकवलीही आहेत. दुसरी गोष्ट अभिमानाने सांगत नाही. पण ती का घडते हे कळले, तर तुमचे पत्र त्या फायलीत जाणार नाही.

मुख्याध्यापकाकडे येणाऱ्या मागण्यांचे तीन प्रकार असतात. पटांगण कोणत्या वेळी कोणी वापरायचे, शाळा सुटल्यावर एखादा वर्ग चालू द्यायचा का, चार चेंडू घ्यायचे का, या गोष्टी बहुतेक शाळांत मुख्याध्यापक स्वतःच्या सहीने ठरवू शकतात. बाहेरच्या माणसाला मानधनावर बोलावणे किंवा पालकांकडून शुल्क घेणे यासाठी व्यवस्थापन समितीची मंजुरी लागते. आणि जमीन दोघांच्याही हातात नसते. ‘मैदान द्या आणि प्रशिक्षक नेमा’ हे वाक्य या तिन्ही प्रकारांना एकत्र बांधते, आणि अशा पत्राला मिळणारे उत्तर त्यातल्या सर्वांत अवघड मागणीचे असते. मागच्या वर्षीच्या पालकांना बहुधा कोणी नकार दिलेला नाही. मुख्याध्यापकांना त्या पत्रावर लिहिण्यासारखा शेराच सापडला नसावा. म्हणून तुमच्या पत्राचे खरे काम एवढेच आहे, की वाचणाऱ्याला उद्या सही करता येईल अशी एक मागणी त्यात असावी आणि बाकीच्या मागण्या तिच्या मागून याव्यात.

शाळा कोणाच्या व्यवस्थापनाखाली आहे, मुले घरी कशी जातात, पटांगण दुसऱ्या सत्रातही वापरात असते का, यावर तपशील बदलतील. पण विचार कसा करायचा हे सांगता येईल.

आधी मैदानाचे पाहू. मोठ्या माणसांच्या फुटबॉलचे मैदान नियमांप्रमाणे ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद असते. मध्यम मापाचे, १०० बाय ६४ मीटरचे मैदान धरले तरी ६,४०० चौरस मीटर जागा होते, म्हणजे दीड एकराहून जास्त. ‘मैदान’ हा शब्द वाचला की मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहते आणि ते पत्र बाजूला ठेवतात. सहावीतल्या मुलाला मात्र एवढ्या मैदानाची गरजच नसते. त्या वयात अकरा विरुद्ध अकरा खेळवले, तर बरीच मुले बराच वेळ चेंडूकडे नुसती पाहत उभी राहतात. म्हणूनच लहान मुलांना कमी खेळाडूंचे संघ करून छोट्या मैदानावर खेळवण्याची पद्धत आज बहुतेक ठिकाणी रूढ आहे.

पटांगणावरच्या फुटबॉलला तर स्वतःचा इतिहास आहे. १९३० साली माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत खेळता येईल असा फुटबॉल बेतला, आणि त्यातूनच पुढे फुटसाल हा खेळ आकाराला आला. आंतरराष्ट्रीय सामने सोडले तर फुटसालच्या मैदानाची लांबी २५ ते ४२ मीटर आणि रुंदी १६ ते २५ मीटर चालते, आणि गोल ३ मीटर रुंद व २ मीटर उंच असतो. त्याचा चेंडू चौथ्या क्रमांकाचा आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो. २ मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटीमीटरच उठतो. फरशीवर नेहमीचा फुटबॉल दिला की तो भिंतीपलीकडे जातो, खिडकीच्या काचेवर आदळतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात खेळ बंद करण्याचा आदेश निघतो. हा चेंडू तो प्रसंग बऱ्याच अंशी टाळतो. पत्रात ‘कमी उसळीचा चेंडू’ हे तीन शब्द असले, तर लिहिणाऱ्याने काचांचाही विचार केला आहे हे मुख्याध्यापकांच्या लगेच लक्षात येते.

तेव्हा पत्र लिहिण्याआधी पालकसभेच्या दिवशी, परवानगी घेऊन, पटांगण टेपने मोजा. समजा ते ४० बाय २४ मीटर भरले. भिंत, पायऱ्या आणि खांब यांपासून चारही बाजूंना २ मीटर सोडले, की ३६ बाय २० मीटर उरतात. हे फुटसालचे एक पूर्ण मैदान झाले. किंवा त्याचेच आडवे तीन भाग केले, तर मधली थोडी जागा सोडूनही सुमारे ११ बाय २० मीटरची तीन छोटी मैदाने होतात आणि प्रत्येकावर चार विरुद्ध चार असे मिळून २४ मुले एकाच वेळी खेळू शकतात. आठवड्यात दोन दिवस दोन वेगळ्या तुकड्या घेतल्या की ४८ मुले झाली. हा हिशेब पत्रात तीन ओळींत लिहा आणि हाताने काढलेला नकाशा मागे जोडा. जागेची मागणी आता वेळेची मागणी झाली, आणि वेळ देणे मुख्याध्यापकांच्या हातात असते.

फरशीच्या मर्यादाही पत्रात लपवू नयेत. ओल्या फरशीवर खेळ नाही, हा नियम तुम्हीच सुचवा. खिळ्यांचे बूट फरशीवर घसरतात, म्हणून सपाट तळव्याचेच बूट हवेत. घसरत जाऊन चेंडू काढणे पूर्णपणे वर्ज्य ठेवावे. आणि गोलखांबांबद्दल मी विशेष आग्रही आहे: हलवता येणारा लोखंडी गोल मागच्या बाजूने नीट जखडलेला नसेल, तर त्याला लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर तो पुढे उलटतो, आणि अशा अपघातांत मुले दगावलेली आहेत. आमच्याकडे एकदा असा गोल उलटला. खाली कोणी नव्हते हे केवळ नशीब. त्यानंतर आम्ही लोखंडी गोल काढून टाकला आणि प्लॅस्टिकच्या शंकूंमध्ये गोल मानून खेळवू लागलो. चार विरुद्ध चारच्या खेळात मुलांचे काहीच अडले नाही.

जवळ एखादे सार्वजनिक मैदान असेल, तर ते मागण्याचा मोह होतो. मागायला हरकत नाही, पण त्याला दुसरे स्थान द्या. मैदान दहा मिनिटांच्या अंतरावर असले, तर पन्नास मिनिटांच्या वर्गातली वीस मिनिटे जाण्यायेण्यात संपतात. शिवाय रस्ता ओलांडताना मुले कोणाच्या जबाबदारीवर आहेत, निघताना आणि परतताना शिरगणती कोण करणार, मैदानाच्या मालकाची लेखी परवानगी कोण आणणार, हे प्रश्न लगेच उभे राहतात आणि प्रत्येक प्रश्न निर्णय एकेक महिना पुढे ढकलतो.

आता प्रशिक्षक. ‘प्रशिक्षित’ या शब्दाचा अर्थ पत्रात उलगडला नाही, तर शाळा तो आपल्या सोयीने लावते, आणि बहुधा जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवर खेळलेला एखादा तरुण आणला जातो. चांगला खेळाडू आणि मुलांचा चांगला प्रशिक्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आशियाई आणि युरोपीय फुटबॉल महासंघांच्या प्रशिक्षक-परवान्यांची चढती भाजणी सी, बी, ए आणि प्रो अशी आहे, आणि त्यांच्या खाली बऱ्याच देशांच्या राष्ट्रीय संघटना लहान मुलांना शिकवण्याचे प्राथमिक अभ्यासक्रम चालवतात. शाळेतल्या सहावीच्या वर्गासाठी ए परवान्याची मागणी करणे म्हणजे मागणी स्वतःच फेटाळणे होय. राष्ट्रीय संघटनेचे मुलांच्या प्रशिक्षणाचे प्राथमिक प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचे मुदतीतले प्रशिक्षण, आणि शाळेने स्वतः केलेली ओळख व पूर्वचारित्र्याची पडताळणी, एवढे किमान निकष लिहा. त्याला जोडून आणखी एक अट घाला: वर्ग चालू असताना शाळेचा एक कर्मचारी किंवा शाळेने मान्य केलेला एक प्रौढ हजर राहील, प्रशिक्षक मुलांबरोबर कधीही एकटा नसेल. या अटीने मुले सुरक्षित राहतात आणि प्रशिक्षकही. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळायला उतरवायचे नाही, हेही त्याच यादीत असू द्या.

प्रमाणपत्र कागदावर असते. माणूस पारखण्यासाठी एक नमुना-वर्ग मागा. तो पाहायला फुटबॉल कळण्याची गरज नाही, फक्त किती मुले रांगेत उभी आहेत ते मोजा. बारा मुले एका रांगेत, चेंडू एक आणि प्रत्येकाची पाळी वीस सेकंदांची असेल, तर एका मुलाला चार मिनिटांनी एकदा चेंडू मिळतो, म्हणजे चाळीस मिनिटांत दहा वेळा. बाकीचा वेळ ते मूल पुढच्याच्या पाठीकडे पाहत असते. आमच्याकडे आलेला पहिला प्रशिक्षक असाच शिकवायचा. शिस्त दिसायला सुरेख होती, पालक खूश होते, आणि महिन्याभरात मुले गळू लागली. दुसरी प्रशिक्षिका आली तेव्हा पटांगणावर नुसता गोंधळ दिसला. पण नीट पाहिल्यावर कळले, की प्रत्येक मुलाच्या पायाजवळ चेंडू आहे आणि ती एकेकाजवळ जाऊन दोन शब्द सांगते आहे. मला स्वतःला हा फरक कळायला तीन वर्ग पाहावे लागले, हे कबूल करतो.

एक गोष्ट पत्रात मुळीच लिहू नका: तुमच्या ओळखीच्या प्रशिक्षकाचे नाव. हेतू स्वच्छ असला, तरी ते नाव दिसताच पत्र कोणाच्या तरी कामासाठी लिहिले आहे अशी शंका येते, आणि समितीत ती शंका बोलून दाखवणारे कोणीतरी असतेच. निकष लिहा, नाव शाळेला शोधू द्या. विचारले तर मग तोंडी सांगा.

मी मंजूर केलेल्या एका पत्राची हकीकत सांगतो, कारण तुमचे पत्र मी त्याच धर्तीवर सुचवणार आहे. एका वर्षी माझ्याकडे फुटबॉलबद्दल दोन पत्रे आली. पहिल्यात मुलांचे नुकसान होत असल्याचे चार परिच्छेद होते, दुसऱ्या शाळेशी तुलना होती आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे होते. दुसरे पत्र एका आईचे होते, एक पान आणि एक नकाशा. तिने पटांगण मोजले होते, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर पन्नास मिनिटे मागितली होती, एका सत्रापुरताच प्रयोग असावा असे म्हटले होते, आणि एकतीस पालकांच्या सह्या जोडल्या होत्या. प्रत्येक सहीपुढे मुलाची इयत्ता आणि ‘मी महिन्यातून एक दिवस देखरेखीला येईन’ यावर हो किंवा नाही असे लिहिलेले होते. मी त्याच दिवशी पटांगणाच्या वेळेवर सही केली आणि मानधनाचा भाग समितीकडे पाठवला. खरे म्हणजे समितीला ‘एका सत्रापुरता’ हेच शब्द सर्वांत आवडले. कायमचे काही द्यावे लागणार नाही म्हटल्यावर माणसे सही करायला तयार होतात, आणि फुटबॉलला दिले तर उद्या इतर खेळांचे पालक येतील या भीतीलाही त्यात उत्तर मिळते.

त्या पत्रातही दोन गोष्टी सुटल्या होत्या. शाळेच्या बसने जाणारी मुले सुटल्यावर थांबूच शकत नव्हती, त्यामुळे सह्या केलेल्या एकतीसपैकी अकरा मुले पहिल्याच आठवड्यात गळली. आणि मुलींसाठी वेगळा विचार केलेला नसल्याने नोंदणी झाली ती मुख्यतः मुलांचीच. मुलींची पहिली ओळख खेळाच्या तासातच करून दिली, तेव्हा पुढच्या सत्रात त्या आल्या. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेख आधीच असावा.

आता मसुदा. रिकाम्या जागी तुमची मापे आणि आकडे घाला.

> दिनांक: ………
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> ………
>
> विषय: इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी शालेय पटांगणावर आठवड्यातून दोन दिवस फुटबॉल वर्ग एका सत्रापुरता सुरू करण्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता ६ वीत शिकत आहे. मुलांना फुटबॉलचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण शाळेतच मिळावे, यासाठी पुढील प्रस्ताव आपल्या विचारार्थ सादर करीत आहे.
>
> १. शालेय पटांगणाचे माप ४० × २४ मीटर आहे. चारही बाजूंना २ मीटर मोकळे सोडूनही त्यावर तीन छोटी मैदाने आखता येतात व एका वेळी २४ विद्यार्थी खेळू शकतात. नकाशा सोबत जोडला आहे. कोणत्याही बांधकामाची आवश्यकता नाही.
>
> २. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यानंतर ५० मिनिटे, पटांगण या वर्गासाठी राखून ठेवावे, ही विनंती. बसने जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग खेळाच्या तासात घेता येईल का, याचाही विचार व्हावा. मुलगे व मुली दोघांसाठी नोंदणी खुली असावी आणि मुलींना खेळाची ओळख खेळाच्या तासातच करून द्यावी.
>
> ३. प्रशिक्षकाची निवड शाळेने करावी. राष्ट्रीय संघटनेचे मुलांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, प्रथमोपचार प्रशिक्षण व शाळेमार्फत पूर्वचारित्र्य पडताळणी हे किमान निकष असावेत. निवडीपूर्वी एक नमुना-वर्ग घेतला जावा व प्रत्येक वर्गाला दुसरा प्रौढ उपस्थित असावा.
>
> ४. कमी उसळीचे चेंडू वापरले जातील. पटांगण ओले असल्यास वर्ग होणार नाही. लोखंडी गोलखांब न ठेवता शंकू वापरले जातील.
>
> ५. सोबत …… पालकांची संमती जोडली आहे. त्यांपैकी …… पालक देखरेखीसाठी आळीपाळीने येण्यास तयार आहेत. मानधनाची व्यवस्था कशी करावी, याबाबत व्यवस्थापन समितीचा निर्णय आम्हांस मान्य राहील. मात्र शुल्कामुळे कोणताही विद्यार्थी वंचित राहू नये, अशी विनंती आहे.
>
> सत्राच्या अखेरीस वर्गाचा आढावा घेऊन पुढील निर्णय व्हावा. मोकळ्या मैदानाची गरज भासल्यास त्या वेळी त्याचा स्वतंत्र विचार करता येईल. या प्रस्तावावर चर्चेसाठी आपण सांगाल त्या वेळी मी उपस्थित राहीन.
>
> आपला/आपली नम्र,
> ………
>
> सोबत: १) पटांगणाचा नकाशा, २) पालकांची संमती-यादी.

मैदानाची मागणी या मसुद्यात शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यापुरती आली आहे, याने तुम्ही कदाचित निराश व्हाल. ती तिथे मुद्दाम ठेवली आहे. एक सत्र वर्ग चालला, हजेरीपटावर चाळीस नावे दिसली आणि पावसाळ्यात किती वर्ग बुडाले याची नोंद झाली, की ‘आम्हाला जवळचे मैदान आठवड्यातून एक दिवस मिळवून द्या’ हे दुसरे पत्र वेगळ्याच वजनाने वाचले जाते. आमच्याकडे बाहेरच्या मैदानाची परवानगी शाळेने स्वतःहून मागितली, तीही वर्ग सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी.

पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. ईमेलने पाठवले तरी एक छापील प्रत द्या, कारण समितीच्या बैठकीत कागदच फिरतो. त्याआधी खेळाच्या शिक्षकांना भेटून मसुदा दाखवा. प्रशिक्षक मागणे म्हणजे आपल्या कामाविरुद्ध तक्रार आहे असे त्यांना वाटले, तर मुख्याध्यापक पहिला अभिप्राय त्यांचाच घेतील आणि तो अनुकूल नसेल. आमच्या त्या आईने शिक्षकांना ‘वर्गाच्या वेळी दुसरे प्रौढ म्हणून तुम्हीच असाल का’ असे विचारले होते, आणि तेच तिचे पत्र हातात घेऊन माझ्या खोलीत आले होते.

समितीची पुढची बैठक कधी आहे हे कार्यालयात विचारून घ्या आणि पत्र निदान दोन आठवडे आधी द्या. बैठक होऊन गेल्यावर आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर नवे पत्र न लिहिता पोचेची तारीख नमूद करून दोन ओळींची विचारणा करा. त्या विचारणेत प्रस्तावातली फक्त दुसरी बाब, पटांगणाची वेळ, वेगळी काढून मागा. मानधनाचा निर्णय अडला असला, तरी तेवढ्यावर मुख्याध्यापकांना स्वतःच सही करता येते, आणि प्रशिक्षक येईपर्यंत पालक व खेळाचे शिक्षक मिळून छोटे खेळ घेऊ शकतात.